फोटोखालच्या कौतुकाला उत्तरं देतेय, पण सगळी एकाच साच्यातली होतायत

रानजाई
नमस्कार मंडळी. जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोले तालुक्यात काजवे बघायला गेले होते. तिथला एक फोटो इन्स्टावर टाकला. माझे फॉलोअर सहाशेच्या आसपास. अर्धे नात्यातले आणि ऑफिसातले, उरलेले ट्रेकवाले आणि काही अगदी अनोळखी. एरवी माझ्या फोटोखाली पाच-सात प्रतिक्रिया येतात, या वेळी 83 आल्या. इतक्या लोकांनी वेळ काढून लिहिलं म्हणून खूप आनंद झाला आणि एकालाही उत्तराविना ठेवायचं नाही असं ठरवलं.

रात्री जेवणं आटोपून बसले आणि पहिल्या 21 जणांना लिहिलं. 'धन्यवाद 🙏', 'खूप खूप धन्यवाद 🙏', 'मनःपूर्वक धन्यवाद 🙏', असं आलटून पालटून. दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचा फोन आला. मावशीने फोटोखाली लिहिलं होतं, 'किती वर्षांनी बघितले गं काजवे'. त्यावर माझं उत्तर, 'मनःपूर्वक धन्यवाद 🙏'. मावशी बहिणीला म्हणाली, 'तिने उत्तरं द्यायला कुणी माणूस ठेवलाय का?' मला फार लागलं ते, कारण मावशीची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली होती.

अजून 62 बाकी आहेत. प्रत्येकाला वेगळं वाटेल असं कसं लिहायचं? धन्यवादाला दुसरे शब्द तरी किती आहेत?

टेकडीवरचा
सोपं आहे. दहा-बारा उत्तरं आधीच लिहून फोनच्या नोट्समध्ये ठेव आणि फिरवत राहा. 'आभारी आहे', 'तुमच्या शब्दांनी हुरूप आला', 'असंच प्रेम राहू द्या', 'मंडळ आभारी आहे' वगैरे. सलग दोन सारखी येऊ द्यायची नाहीत, बस. मी ट्रेकच्या पेजवर हेच करतो. शब्दशः तेच उत्तर भराभर चिकटवत गेलं तर इन्स्टा 'Try Again Later' दाखवून थोडा वेळ थांबवतं, तेही यात टळतं.

चकलीताई
माझा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचा. मागच्या दिवाळीत भाजणीच्या चकलीचा फोटो टाकला होता. मी टेकडीवरचा म्हणतात तशी आठ उत्तरं तयार ठेवली होती, आणि त्यातल्या पाचांच्या शेवटी 'ऑर्डरसाठी मेसेज करा' होतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने लिहिलं, 'तुझ्या आईच्या हातच्या चकल्या आठवल्या'. तिलाही तेच गेलं. ती काही बोलली नाही, पण नंतर माझ्या फोटोंवर तिने लिहिणंच बंद केलं. मी फोन करून तिची माफी मागितली. तेव्हापासून ओळखीच्या माणसाच्या उत्तरात ऑर्डरचा शब्दही घालत नाही.

शाईपेन
रानजाई, एका मासिकात वाचकांच्या पत्रांना उत्तरं लिहिण्याचं काम मी अकरा वर्षं केलं. तेव्हा पोस्टकार्डं होती, आता मी पक्ष्यांचे फोटो टाकतो आणि खाली उत्तरं लिहितो. काम तेच आहे.

टेकडीवरचा यांचं एक बरोबर आहे, मजकूर तोच तो चिकटवू नये. पण तयार उत्तरं फिरवण्यात एक अडचण आहे. पोस्टकार्डं शंभर घरांत जायची, कुणी दुसऱ्याचं वाचत नसे. इथे तुझी सगळी उत्तरं एकाखाली एक दिसतात. तिसरं आणि तेरावं सारखं निघालं की वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. आणि फिरवताना एखादं उत्तर चुकीच्या माणसावर जाऊन पडतं. समज, कुणी लिहिलं, 'आमच्या गावाला आता काजवे दिसत नाहीत', आणि पाळीप्रमाणे त्याला गेलं 'असंच प्रेम राहू द्या'. मावशीच्या बाबतीत तुझं हेच झालं.

तू आभाराचे शब्द बदलत बसलीस. ते चार-पाचच आहेत, संपणारच. आभार एका शब्दात राहू देत, किंवा अजिबात नको. बदलायचं ते आभाराच्या शेजारचं वाक्य. ते वाक्य दोन ठिकाणांहून मिळतं. एक, समोरच्याने लिहिलेला एखादा नेमका शब्द. दोन, त्या रात्रीची एखादी गोष्ट जी फोटोखालच्या मजकुरात तू लिहिलेली नाहीस.

आधी हे कर: कागद घे आणि त्या रात्रीच्या पंधरा-वीस बारीकसारीक गोष्टी लिहून काढ. झाड कोणतं होतं, पायाखाली काय होतं, आवाज कसले होते, सोबत कोण होतं, काय बिनसलं. मग आलेल्या प्रतिक्रियांपैकी सात-आठ इथे दे, आपण बघू.

मोगरा_७
काजव्यांचा फोटो मोबाईलवर निघेल का? माझ्याकडे साधा अँड्रॉइड आहे. स्टँड नाही.

रानजाई
@मोगरा_७, स्टँडशिवाय अवघड आहे. फोन दगडावर टेकवून नाईट मोडवर बघा. पण धाग्याचा विषय वेगळा आहे, तुम्हाला निरोपात सविस्तर लिहिते.

@शाईपेन काका, यादी केली. 17 गोष्टी निघाल्या! त्यातल्या काही: झाडं हिरड्याची आणि सादड्याची होती. टॉर्चला लाल जिलेटिन कागद बांधला होता, कारण पांढरा उजेड पडला की काजवे लुकलुकायचे थांबतात. ट्रायपॉडचा एक पाय चिखलात रुतून फ्रेम वाकडी झाली आणि पहिली वीस मिनिटं वाया गेली. बेडूक इतके ओरडत होते की शेजारी बोललेलं ऐकू येत नव्हतं. वाटाड्याच्या दहा वर्षांच्या मुलीने ओंजळीत एक काजवा धरून दाखवला आणि लगेच सोडून दिला. साडेनऊनंतर पाऊस आला आणि सगळं विझलं.

आणि या प्रतिक्रिया, जशा आल्या तशा:

'किती वर्षांनी बघितले गं काजवे' – मावशी
'अप्रतिम!' – ऑफिसातले साहेब
'🔥🔥🔥' – अनोळखी
'एका क्लिकमध्ये काय टिपलंयस यार' – ट्रेकमधला मित्र
'Nice pic dear' – आत्येसासूबाई
'हे नक्की कुठे आहे? पुढच्या वीकेंडला जायचंय' – अनोळखी
'आकाश खाली उतरल्यासारखं वाटलं' – अनोळखी, नावावरून बाई की पुरुष कळत नाही
'तुझ्या बाबांनी आम्हाला याच भागात आणलं होतं, 1996 साली. तेव्हाही असेच होते.' – बाबांचे बँकेतले सहकारी. बाबा चार वर्षांपूर्वी गेले.

शाईपेन
चांगली यादी आहे. एकेक घेऊ.

मावशी. आपल्याकडे घरच्या मोठ्या माणसाला 'धन्यवाद' म्हटलं की ते परकं वाटतं. आईने ताट वाढलं तर आपण तिला धन्यवाद म्हणत नाही. मावशीच्या वाक्यात 'किती वर्षांनी' हे शब्द आहेत, म्हणजे तिने पूर्वी पाहिलेत. तिला आभार नकोत, तिला कुणीतरी विचारायला हवंय. 'मावशी, तुझ्या माहेरी दिसायचे का गं? कुठल्या झाडावर?' एवढंच लिही. तुझं पहिलं उत्तर तिथे आहे, राहू दे. त्याच्याखाली हे दुसरं लिही.

साहेबांच्या 'अप्रतिम!'मध्ये पकडण्यासारखा शब्दच नाही. अशा वेळी तुझ्या यादीतली गोष्ट द्यायची. 'धन्यवाद सर. ट्रायपॉड चिखलात रुतल्यामुळे पहिली वीस मिनिटं वाया गेली होती, तेव्हा हा मिळेल असं वाटलं नव्हतं.' पुढच्या 'अप्रतिम'वाल्याला बेडकांचा आवाज सांग, त्याच्या पुढच्याला ती मुलगी. एक गोष्ट एकदाच वापरायची आणि वापरली की यादीत खोडायची. सतराच्या सतरा संपल्या तरी हरकत नाही, कारण बाकीच्यांना त्यांच्याच शब्दावरून उत्तर मिळणार आहे.

ट्रेकमधल्या मित्राचं जरा जपून. तो एका क्लिकबद्दल कौतुक करतोय. फोटो एका क्लिकचा आहे का?

रानजाई
नाही! 20 सेकंदांच्या 40 फ्रेम आहेत, लाइटन मोडमध्ये एकावर एक बसवलेल्या. म्हणजे साधारण सव्वातेरा मिनिटांतले काजवे एकाच फोटोत दिसतायत. डोळ्यांना एका वेळी त्याच्या कितीतरी कमी दिसत होते. कॅप्शनमध्ये मी हे लिहिलं नव्हतं.

शाईपेन
मग त्याच्या कौतुकाला नुसतं 'थँक्स' म्हणालीस तर न केलेल्या गोष्टीचं श्रेय घेतल्यासारखं होईल. आणि उद्या कुणी तिथे जाऊन 'फोटोत होते तितके नाहीतच' म्हणेल. सरळ लिही: 'अरे, एका क्लिकचा नाही. 20 सेकंदांच्या 40 फ्रेम एकत्र केल्यात. प्रत्यक्षात कमी दिसतात, पण अंगावर काटा तेवढाच येतो. पुढच्या वर्षी चल.' त्याची प्रतिक्रिया वर पिन करून ठेव, म्हणजे तिच्याखालचं हे उत्तर सगळ्यांना सापडेल. हीच गोष्ट आणखी चौघांनी विचारली असेल तर त्यांना तेच वाक्य पुन्हा नको. एकाला फ्रेमची संख्या सांग, दुसऱ्याला मिनिटं, तिसऱ्याला लिही, 'वर पिन केलंय बघ'.

खिडकी
मी मराठी शिकवते, म्हणून भाषेचं एक सांगते. रानजाईने ज्यांच्याबद्दल 'बाई की पुरुष कळत नाही' लिहिलंय, तिथे बरेच जण अडखळतात आणि मग 'धन्यवाद'च्या आडोशाला जातात. 'म्हणालास' की 'म्हणालीस', इथे गाडी अडते, कारण ते क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं. पण 'लिहिलंस', 'पाहिलंस', 'सांगितलंस' ही क्रियापदं माणसाप्रमाणे बदलत नाहीत. 'आकाश खाली उतरल्यासारखं, किती नेमकं लिहिलंत' असं लिहिलं तर कुणालाही चालतं. अनोळखी माणसाला 'तुम्ही' केलं तर 'म्हणालात'ही चालतं, तेही दोघांना सारखंच.

दुसरं, 'आपण'. 'आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभारी आहे' हे कार्यालयीन पत्रासारखं वाचलं जातं. साहेबांनाही 'तुम्ही' पुरे.

टेकडीवरचा
माझ्या पेजची कालची उत्तरं आत्ता सलग वाचून काढली. 30 उत्तरांपैकी 24 'धन्यवाद' किंवा 'आभार'ने सुरू होतात आणि जवळपास सगळी 🙏 ने संपतात. मधले शब्द बदललेत, पण सुरुवात-शेवट तेच. लिहिताना हे दिसलंच नव्हतं. तरी एक म्हणेन: माझ्या पेजवर एकेका फोटोला तीनशे-चारशे प्रतिक्रिया येतात. तिथे प्रत्येकाच्या मावशीचं माहेर विचारत बसणं शक्य नाही.

शाईपेन
तुम्ही जे केलंत तीच खरी तपासणी आहे. फक्त आपलीच उत्तरं वरून खाली वाचायची. पहिला शब्द, शेवटची खूण आणि लांबी, या तीन गोष्टी सारख्या आल्या की साचा पडलाय असं समजायचं. उपायही त्यातच आहे. कधी आभार शेवटी आणा, कधी नावाने सुरू करा, कधी प्रश्नाने. काही उत्तरं तीनच शब्दांची असू देत. उत्तर लिहून झालं की आणखी एक करतो. वरची प्रतिक्रिया हाताने झाकतो आणि बघतो, हेच उत्तर त्याच्या खालच्या माणसाला चाललं असतं का? चाललं असतं तर एक शब्द तरी बदलतो.

तीनशेंचं म्हणाल, तर सगळ्यांना उत्तर द्यावंच असं मला वाटत नाही. ज्याने वाक्य लिहिलंय त्याला वाक्य, ज्याने चिन्ह टाकलंय त्याला बदाम. 🔥🔥🔥 ला शब्दांत उत्तर दिलं की उलट संकोच वाटतो.

चकलीताई
इथे मी काकांशी सहमत नाही. माझ्या सासरी कित्येक बायकांना मराठी टाइप करता येत नाही, म्हणून त्या फक्त 👌 टाकतात. त्यांच्यासाठी तेच वाक्य आहे. त्यांना नुसता बदाम दिला आणि जावेला दोन ओळी लिहिल्या, तर ते घरात लक्षात राहतं. मी अशा प्रत्येकीला नावाने लिहिते: 'सुमनकाकू, बघितलंत ना!' एवढंच. रानजाईच्या आत्येसासूबाईंनी तर 'Nice pic dear' इतकं टाइप केलंय, त्यांना 'आत्या, तुम्हाला आवडला म्हणजे झालं. आल्यावर मोठ्या स्क्रीनवर दाखवते' असं लिही. सासरचं आहे, अहो-जाहो सांभाळ.

शाईपेन
चकलीताई, ओळखीच्या माणसाच्या चिन्हाबद्दल तुमचं पटलं. अनोळखी माणसाच्या चिन्हाबद्दल मी अजून माझ्याच मतावर आहे.

पाऊलवाट
जागा विचारणाऱ्याला काय लिहिणार? मी त्या भागात गेली आठ वर्षं जातोय. भंडारदऱ्याला जूनच्या शनिवार-रविवारी गाड्यांच्या हेडलाइट्समुळे रस्त्याकडेच्या झाडांवर काही दिसेनासं झालंय. माझी विनंती आहे, गावाचं नाव उघड प्रतिक्रियेत लिहू नका. एकाला दिलेलं उत्तर सगळे वाचतात.

खिडकी
पण त्या गावातली कुटुंबं जेवण-मुक्कामाची सोय करतात, त्यांची या तीन आठवड्यांत चांगली कमाई होते. नाव लपवलं तर नुकसान त्यांचं. मला वाटतं, नाव द्यावं आणि सोबत लाल कागदाचं सांगावं.

पाऊलवाट
कुटुंबांचा फोन नंबर निरोपातून देता येतोच. उघड्यावर नाव म्हणजे वीस गाड्या.

रानजाई
यावर मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या जागा विचारणाऱ्यांना लिहितेय, 'निरोप पाठवा, ज्यांच्याकडे उतरलो त्या ताईंशी बोलून कळवते'. त्या ताईंनाच विचारणार आहे, त्यांना काय हवंय ते.

काल रात्री दोन तास बसून 38 उत्तरं झाली. पंधरा मिनिटांत उरकण्याऐवजी वेळ लागला हे खरं. दहाव्या उत्तरानंतर पुन्हा सगळी 'धन्यवाद'ने सुरू व्हायला लागली होती, तेव्हा थांबून वरची सगळी वाचली. एकाने लिहिलं होतं, 'झाडाला दिव्यांची माळ लावल्यासारखं'. त्यांना लिहिलं, 'हिरड्याचं झाड होतं, आणि माळ एकदम पेटायची, एकदम विझायची!' त्यांनी लगेच विचारलं, एकदम कशी काय? मग आमचं बरंच बोलणं झालं.

मावशीला खाली दुसरं उत्तर लिहिलं. तिने सात ओळी लिहिल्या! मुळशीकडच्या तिच्या गावात ओढ्याकाठच्या जांभळावर यायचे म्हणे, आणि माझी आजी त्यांना बाटलीत भरू देत नसे. मला हे काहीच माहीत नव्हतं.

अडलंय ते एकच. बाबांच्या सहकाऱ्यांचं. चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं. तिथे यादीतली गोष्ट घालायची इच्छा होत नाही.

चकलीताई
त्यांना फोन कर गं.

शाईपेन
हो. तिथे उघड्यावर लांब लिहू नकोस. 'काका, संध्याकाळी फोन करते' एवढं लिही, म्हणजे तू वाचलंस हे त्यांना कळेल, आणि मग खरंच कर. ज्या प्रतिक्रियेत गेलेल्या माणसाचं नाव असतं, तिला मी कधीच फोटोखाली पूर्ण उत्तर दिलेलं नाही.

टेकडीवरचा
रानजाई, आधीच्या 21 उत्तरांचं काय करणार? मी असतो तर काढून नवीन लिहिली असती.

खिडकी
काढून नवीन लिहिली तर त्यांना पुन्हा सूचना जाईल आणि काहीतरी बदललंय हे कळेल. मला ते ठीक वाटत नाही.

रानजाई
काढणार नाही. त्यातल्या ज्या सहा जणांनी पूर्ण वाक्य लिहिलं होतं, त्यांना मावशीसारखं खाली दुसरं उत्तर लिहिलंय. बाकीची आहेत तशी राहतील.

काकांना फोन केला. 1996 साली बँकेच्या आठ जणांना बाबा एसटीने राजूरला घेऊन गेले होते आणि तिथून पुढे रात्री चालत नेलं होतं. टॉर्च एकच होता आणि बाबांनी त्याच्यावर लाल रुमाल बांधला होता. मी जिलेटिन कागद का बांधते, हे मला कुणी शिकवलं ते आठवतच नव्हतं. काकांकडे त्या रात्रीचा एक फोटो आहे, पूर्ण काळा आलाय, त्यात फक्त बाबांचा हात आणि तो रुमाल दिसतो. ते रविवारी शोधून पाठवणार आहेत.